चुंबक तांब्याच्या नळीतून सावकाश का पडतो?

एसी दुरुस्तीच्या दुकानात मिळते तशी तांब्याची सरळ नळी घ्यायची. लांबी एक मीटर, आतला व्यास साधारण १५ मिलिमीटर, भिंतीची जाडी एक मिलिमीटर. ती उभी धरून वरून एक लोखंडी खिळा सोडला, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत खाली येतो. आता १२ मिलिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा निओडिमियमचा दंडगोल चुंबक सोडायचा. त्याचं वजन जेमतेम १० ग्रॅम. वरून डोकावलं तर तो नळीच्या मधोमध, भिंतीला फारसा न टेकता, अगदी निवांत खाली उतरताना दिसतो. एक मीटर जायला त्याला पंधरा-सतरा सेकंद लागतात.

पाहणाऱ्याला पहिली शंका येते ती चिकटण्याची. पण तांब्याला चुंबक चिकटत नाही. हाच चुंबक त्याच नळीला बाहेरून लावला तर तो धरून राहत नाही, घसरून पडतो. नळीत हवाही कोंडलेली नाही, कारण दोन्ही तोंडं उघडी आहेत. प्लास्टिकची तेवढ्याच मापाची नळी घेतली तर चुंबक खिळ्यासारखाच सरळ पडतो. म्हणजे अडवणारी गोष्ट तांब्यात आहे, आणि ती चुंबक हलत असतानाच कामाला लागते.

ही 'हलत असतानाच' अट शोधायला विज्ञानाला बरीच वर्षं लागली. विद्युतप्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं हे १८२० साली ओर्स्टेडने दाखवलं होतं. मग चुंबकापासून वीज का मिळू नये, हा प्रश्न युरोपभर अनेकांनी हाती घेतला. जिनिव्हात कोलाडॉनने १८२५ मध्ये तारेचं मोठं वेटोळं केलं आणि त्यात चुंबक घातला. चुंबकाचा थेट परिणाम मोजणाऱ्या सुईवर होऊ नये म्हणून त्याने गॅल्व्हानोमीटर शेजारच्या खोलीत ठेवला होता. काळजी योग्यच होती. पण चुंबक आत घालून तो दुसऱ्या खोलीत पोचेपर्यंत सुई हलून पुन्हा शून्यावर आलेली असायची. वीज निर्माण झाली होती, फक्त ती चुंबक सरकत होता तेवढ्याच क्षणापुरती.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडेला तो क्षण दिसला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्याने लोखंडाच्या कड्यावर दोन वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एक बॅटरीला जोडलं, दुसऱ्याच्या तारा चुंबकसूचीजवळून नेल्या. बॅटरी जोडताच सुई हलली आणि परत जागेवर आली. बॅटरी चालूच असताना सुई स्थिर होती. जोडणी तोडताच सुई पुन्हा हलली, पण उलट बाजूला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने नुसता दंडचुंबक वेटोळ्यात ढकलून आणि बाहेर ओढून हेच दाखवलं. आत जाताना सुई एका बाजूला, बाहेर येताना दुसऱ्या बाजूला.

फॅरेडेच्या शोधाचं सार असं. वेटोळ्याच्या तोंडातून जितक्या चुंबकीय बलरेषा आरपार जातात, त्याला त्या वेटोळ्यातला चुंबकीय फ्लक्स म्हणतात. हा फ्लक्स कितीही मोठा असला आणि स्थिर असला, तर काहीच घडत नाही. तो बदलू लागला की तारेत व्होल्टेज निर्माण होतं. यालाच प्रवर्तित विद्युतगामक बल म्हणतात, आणि वर्कशॉपपासून वर्गापर्यंत सगळे सरळ ईएमएफ म्हणतात. बदल जितका जलद, तितकं व्होल्टेज जास्त. वेढे जितके जास्त, तितक्या पटीने ते वाढतं. समजा एका वेढ्यातला फ्लक्स शून्यापासून ०.०००१ वेबरपर्यंत ०.०२ सेकंदात गेला. भागाकार केला तर एका वेढ्यात ०.००५ व्होल्ट येतात. असे २०० वेढे असतील तर एक व्होल्ट. छोटासा चुंबक हाताने झटकन वेटोळ्यात ढकलला तर साधारण एवढंच मिळतं.

दिशेचा प्रश्न मात्र अजून सुटायचा होता. फॅरेडेने चुंबक कुठून कुठे गेला तर प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो याची वर्णनं दिली होती, पण प्रत्येक मांडणीसाठी वेगळी. या सगळ्यांना एका वाक्यात बांधलं ते सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीतल्या एमिल लेंझने, १८३३ साली. प्रवर्तित प्रवाहाची दिशा नेहमी अशी असते की ज्या बदलामुळे तो निर्माण झाला, त्या बदलालाच तो विरोध करतो. पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात ईएमएफच्या आधी जे ऋण चिन्ह असतं, ते हेच सांगतं.

या नियमात सगळ्यात जास्त घोटाळा एका ठिकाणी होतो. विरोध फ्लक्सला नसतो, फ्लक्समधल्या बदलाला असतो. दोन्ही एकच वाटतात, पण नळीतल्या चुंबकाकडे पाहिलं की फरक उलगडतो.

नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या तांब्याच्या असंख्य कड्या, असं समजायचं. चुंबकाचा उत्तर ध्रुव खाली आहे. त्याच्या बलरेषा उत्तर ध्रुवातून निघून खालच्या बाजूला जातात. चुंबकाच्या खाली असलेल्या कडीत, चुंबक जवळ येत असल्यामुळे, खाली जाणारा फ्लक्स वाढतो आहे. कडीला ही वाढ नको आहे. म्हणून तिच्यात असा प्रवाह सुरू होतो की तिचं स्वतःचं क्षेत्र वरच्या दिशेला असेल. म्हणजे कडीची वरची बाजू उत्तर ध्रुव बनते आणि वरून येणाऱ्या उत्तर ध्रुवाला ढकलते. बळ वरच्या दिशेला.

आता चुंबक जिच्यातून नुकताच गेला ती वरची कडी पाहू. तिच्यातही फ्लक्स खालीच जाणारा आहे, कारण बलरेषा चुंबकाच्या वरच्या, दक्षिण ध्रुवात शिरण्यासाठी वरून खाली येतात. पण इथे चुंबक लांब जातो आहे, फ्लक्स कमी होतो आहे. कडीला आता घट नको आहे. ती खालच्याच दिशेचं क्षेत्र तयार करून निघून जाणाऱ्या फ्लक्सची भर घालते. तिची खालची बाजू उत्तर ध्रुव होते, चुंबकाच्या वरच्या दक्षिण ध्रुवाला आकर्षून घेते. बळ पुन्हा वरच्याच दिशेला.

दोन्ही कड्यांमधला फ्लक्स एकाच दिशेचा होता, तरी त्यांच्यातले प्रवाह एकमेकांविरुद्ध फिरले. फ्लक्सलाच विरोध असता तर दोन्हीकडे प्रवाह एकाच दिशेने गेला असता, आणि वरच्या कडीने चुंबकाला खाली ढकललं असतं. तसं होत नाही. येणाऱ्याला खालची कडी अडवते, जाणाऱ्याला वरची कडी धरून ठेवते. अगदी चुंबकाच्या मध्यावर असलेल्या कडीत फ्लक्स सर्वाधिक असतो. पण तो त्या क्षणी ना वाढतो ना घटतो, म्हणून तिथे प्रवाह शून्य.

या कड्यांत प्रवाह किती असेल? चुंबक सेकंदाला सहा सेंटिमीटर या वेगाने उतरतो आहे. एका कडीत निर्माण होणारा ईएमएफ अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत राहतो, साधा मल्टिमीटर त्याची दखलही धड घेणार नाही. पण तांब्याची एक सेंटिमीटर उंचीची कडी घेतली तर तिचा रोध एक ओहमच्या दहा हजाराव्या भागाहून थोडा कमी भरतो. त्यामुळे प्रवाह चार-पाच अँपिअरच्या घरात जातो. हातात धरलेल्या निर्जीव नळीत, कुठेही बॅटरी नसताना, दोन ठिकाणी एवढे प्रवाह उलटसुलट फिरत चुंबकाबरोबर खाली सरकत असतात.

आता मूळ प्रश्न. दिशा नेहमी विरोधाचीच का? निसर्गाने कधीतरी साथ द्यायला काय हरकत होती?

समजा खालच्या कडीतला प्रवाह उलट फिरला आणि तिने चुंबकाला ढकलण्याऐवजी ओढलं. चुंबकाचा वेग वाढेल. वेग वाढला की फ्लक्स आणखी जलद बदलेल, ईएमएफ वाढेल, प्रवाह वाढेल, ओढ आणखी वाढेल. आपल्या नळीचे आणि चुंबकाचे आकडे घेऊन हिशेब केला तर वेग दर चार-एक मिलिसेकंदांनी दुप्पट होत जाईल. नळी आडवी ठेवून चुंबकाला नुसतं बोट लावलं तरी तो दुसऱ्या टोकातून गोळीसारखा बाहेर पडेल, आणि वर नळीही तापेल. गती आणि उष्णता दोन्ही फुकट. असं कुठेही घडत नाही, कारण ऊर्जा शून्यातून येत नाही. लेंझचा नियम हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचाच एक अवतार आहे. गंमत म्हणजे लेंझने तो मांडला तेव्हा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम अजून सिद्ध व्हायचा होता. हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये तो सविस्तर मांडला आणि विद्युत प्रवर्तन त्यातूनच निघतं हे दाखवलं. १८३३ सालचं ते वाक्य प्रयोगांतून आलं होतं, त्याचं कारण १४ वर्षांनी स्पष्ट झालं.

खरा हिशेबही करून पाहण्यासारखा आहे. १० ग्रॅमचा चुंबक एक मीटर खाली येतो तेव्हा सुमारे ०.१ ज्यूल ऊर्जा मोकळी होते. मोकळ्या हवेत ती सगळी वेगात जाते आणि चुंबक सेकंदाला ४.४ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. नळीतून तो सेकंदाला सहा सेंटिमीटर वेगाने बाहेर येतो. त्या गतीत पाच हजारातला एखादाच भाग शिल्लक असतो. बाकीची ऊर्जा प्रवाहांनी तांबं तापवण्यात खर्च होते. मात्र नळीला हात लावून ते कळणार नाही. तिचं वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास आहे आणि तापमानातली वाढ अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे.

हाताला न कळणारी ही देवघेव वजनकाट्यावर मात्र पकडता येते. नळी लाकडी ठोकळ्यावर उभी करून ठोकळा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवायचा, चुंबकाचा काट्यावर थेट परिणाम होणार नाही इतका ठोकळा उंच हवा. काटा शून्य करून चुंबक आत सोडला की आकडा जवळजवळ लगेच १० ग्रॅम दाखवतो. चुंबक कशालाच टेकलेला नाही, अजून वाटेत आहे, तरी त्याचं पूर्ण वजन नळीवर आलेलं आहे. नळी त्याला वर ढकलते तेवढ्याच बळाने तो नळीला खाली दाबतो. आकडा १० वर स्थिर राहिला याचा अर्थ विरोध आणि वजन समसमान झाले आहेत आणि वेग आता वाढत नाही. या चुंबकाला त्या स्थिर वेगापर्यंत पोचायला सेकंदाचे काही हजारांश पुरतात.

अॅल्युमिनियमची तशीच नळी घेतली तर चुंबक दीडपटीहून थोडा जास्त वेगाने उतरतो, कारण अॅल्युमिनियम तांब्याच्या साठेक टक्केच वीजवाहक आहे. तांब्याची नळी द्रवरूप नायट्रोजनमध्ये थंड केली तर रोध कितीतरी घटतो आणि चुंबक आणखी रेंगाळतो. पण तो थांबत मात्र कधीच नाही. थांबला तर बदल संपेल, बदल संपला तर प्रवाह संपेल आणि अडवणारं कोणी उरणार नाही. साध्या धातूचा विरोध मंदावू शकतो, अडवून धरू शकत नाही. त्यासाठी रोध शून्यच व्हावा लागतो, म्हणजे अतिवाहक लागतो. त्यात एकदा उठलेला प्रवाह विरत नाही.

नळीला वरपासून खालपर्यंत उभी चीर पाडली तर? कड्या तुटल्या, आता प्रवाह नाही, चुंबक खिळ्यासारखा पडेल, असं बहुतेकांना वाटतं. तो जलद पडतो खरा, पण खिळ्यासारखा नाही. वरच्या आणि खालच्या कडीतले प्रवाह उलट दिशांचे असतात हे वर आलंच आहे. चिरेपाशी अडलेला खालचा प्रवाह चिरेच्या काठाने वर चढतो आणि वरच्या प्रवाहाला जाऊन मिळतो. वाट लांबते, विरोध कमी होतो, नाहीसा होत नाही.

यातूनच आणखी एक गोष्ट नीट कळते. ईएमएफ स्वतः कुणाला अडवत नाही, अडवतो तो प्रवाह. जुन्या सायकलींच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो ज्यांनी वापरला आहे, त्यांच्या पायांना हे ठाऊक असतं. दिव्याची तार तुटलेली असेल तर डायनामो फिरतो, त्याच्या टोकांवर व्होल्टेजही असतं, पण पायाला जाणवतं ते फक्त घर्षण. तार जोडून दिवा लागला की पॅडल जड होतं. तीन वॉटचा दिवा लावायला पायांना तीन वॉटहून जास्त द्यावं लागतं, आणि ते मागून घेण्याची निसर्गाची पद्धत म्हणजे हा विरोध.

या विरोधाचा सगळ्यात नेमका वापर काही दशकं महाराष्ट्रातल्या घराघरांत भिंतीवर टांगलेला होता. डिजिटल मीटर येण्याआधीच्या वीज मीटरमध्ये काचेमागे अॅल्युमिनियमची एक चकती फिरायची. घरात जितके वॉट वापरले जात, त्या प्रमाणात दोन विद्युतचुंबक तिला फिरवत. पण फिरवणारं बळ नुसतंच लावलं तर चकतीचा वेग वाढतच जाईल, दिवा एक असो की दहा. मोजणीसाठी हवं होतं ते असं की दुप्पट वीज वापरली तर वेग बरोबर दुप्पट व्हावा. म्हणून चकतीची कड एका कायम चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून जाऊ दिलेली असायची. चकतीचा जो भाग ध्रुवांखाली शिरतो त्यात फ्लक्स वाढतो, जो बाहेर पडतो त्यात घटतो. दोन्हीकडे भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि चकतीला मागे ओढतात. ही ओढ वेगाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे चकती बरोबर त्या वेगावर स्थिरावते जिथे फिरवणारं बळ आणि ओढ समान होतात. नळीत पडणाऱ्या चुंबकाचंच हे गणित, फक्त इथे चुंबक स्थिर आणि धातू फिरता. मीटरवर 'एका युनिटला ६०० फेरे' लिहिलेलं असेल आणि घरात फक्त हजार वॉटचा हीटर चालू असेल, तर चकती दर सहा सेकंदांनी एक फेरा पुरा करायची.

या ब्रेक-चुंबकावरच मीटरचा खरेपणा अवलंबून असे. चुंबक वय होऊन किंवा दुसऱ्या चुंबकाच्या संसर्गाने दहा टक्के क्षीण झाला, तर ओढ दहा टक्के नव्हे, एकोणीस टक्के घटते. कारण क्षेत्र कमी झालं की प्रवाहही कमी होतो आणि त्या प्रवाहावर चालणारं क्षेत्रही कमीच असतं, ०.९ गुणिले ०.९ म्हणजे ०.८१. चकती मग सुमारे २३ टक्के जलद फिरते आणि ग्राहकाचं बिल तेवढं फुगतं. मीटर जुळवताना तंत्रज्ञ हा चुंबक आसापासून थोडा आत किंवा बाहेर सरकवत. बाहेर सरकवला की चकतीचा तिथला वेगही जास्त आणि तरफही लांब, म्हणून ओढ वाढते. उन्हाळ्यात अॅल्युमिनियमचा रोध वाढून ब्रेक ढिला पडतो हे खरं, पण फिरवणारं बळही त्याच चकतीतल्या प्रवर्तित प्रवाहांवर चालत असल्याने तेही त्याच प्रमाणात घटतं. दोन्ही चुका एकमेकींना मिटवून टाकतात. ही योजना ज्यांनी केली त्यांना दाद द्यावीशी वाटते.

मुंबईच्या नव्या लोकलगाड्यांत हाच विरोध शेकडो टनांची गाडी मंद करायला वापरतात. स्टेशन जवळ आलं की मोटारींना वीज देणं थांबतं आणि चाकंच मोटारींना फिरवू लागतात. मोटार आता जनित्र झालेली असते. तिच्यातला प्रवर्तित प्रवाह वरच्या तारेत परत सोडला जातो आणि दुसरी एखादी गाडी तो वापरते. गाडीची गती त्या प्रवाहाचं मोल म्हणून खर्च होते. वरच्या तारेने तो प्रवाह घेतला नाही तर हा ब्रेकही लागत नाही, दिवा न जोडलेल्या डायनामोसारखाच. आणि वेग अगदी कमी झाला की फ्लक्सचा बदल मंदावतो, ब्रेकचा जोर ओसरतो. फलाटावर शेवटच्या काही मीटरांत गाडी थांबवण्याचं, आणि थांबल्यावर उतारावर जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम चाकांवर दाबले जाणारे हवेचे ब्रेकच करतात.